700 चौकटींचा मॅप आणि तीन ठिकाणी विखुरलेला नागपूर करार

*ताई, मी राज्यसेवा मुख्य परीक्षेची तयारी करते आहे. बाबांनी 10 इंची अँड्रॉइड टॅबलेट घेऊन दिला, तेव्हापासून दोन महिने बसून सगळा अभ्यासक्रम एकाच माइंड मॅपमध्ये टाकला. बरंचसं पीडीएफमधून कॉपी केलं, काही पानांचे फोटोही लावले. आता 700 च्या वर चौकटी झाल्यात. मॅप उघडायला वेळ लागतो आणि शोधलेलं सापडत नाही. परवाच्या सराव परीक्षेत नागपूर करारावर प्रश्न आला. तो माझ्या मॅपमध्ये तीन ठिकाणी आहे, तरी चार ओळींपुढे लिहिता आलं नाही. मैत्रीण म्हणते मॅप सोड, आउटलाइन कर. काय करू? सगळं पुन्हा टाइप करावं लागेल का?*
*— प., मानेवाडा, नागपूर*

प्रिय प.,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्याचीच धास्ती जास्त असणार. पुन्हा टाइप करावं लागणार नाही, थोडंसं सोडलं तर. आणि मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. अभ्यासक्रम ठेवायचा तो आउटलाइनमध्येच, म्हणजे एकाखाली एक आत सरकत जाणाऱ्या मुद्द्यांच्या यादीत, पण मॅप सोडायचा नाही. त्याला वेगळं काम द्यायचं, आणि ते काम छोटं आहे.

मी गेली काही वर्षं एका अभ्यासिकेत मुलांच्या नोट्स बघते. जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये एक तरी मुलगा किंवा मुलगी असा एकच भलामोठा मॅप घेऊन येते. त्यामागची मेहनत खरी असते, म्हणून तो मोडायला सांगताना मला नेहमी जड जातं. पण 10 इंची पडद्यावर मॅप कुठे तुटतो हे बघितलंस की तुझं तुलाच पटेल. तुझा टॅबलेट हातात धर, मॅपमधलं ‘सगळं पडद्यात बसव’ हे बटण दाब आणि हात लांब करून बघ. अक्षरं वाचता येतात का? माझ्या अनुभवात 40 चौकटींच्या आसपास मराठी अक्षर वाचण्यापलीकडे बारीक होतं. इंग्रजीत थोड्या जास्त बसतात, कारण आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा आणि खाली उकार लागतो. त्याच आकाराच्या चौकटीत आपलं अक्षर लवकर गिचमिड होतं. म्हणजे 700 चौकटींचा मॅप तू कधीच पूर्ण बघत नाहीस. बोटांनी मोठा करून एकेक कोपरा बघतेस. मॅपचा सगळा फायदा एका नजरेत चित्र दिसण्यात असतो, तोच इथे निघून जातो आणि उरते ती अस्ताव्यस्त पसरलेली यादी.

मॅप हळू उघडतो त्यामागे चौकटींपेक्षा फोटोंचा वाटा मोठा असण्याची शक्यता आहे. टॅबलेटने काढलेला पुस्तकाच्या पानाचा एकेक फोटो काही एमबीचा असतो. असे 30-40 फोटो एका फाइलमध्ये असले की ती उघडताना आणि सेव्ह होताना टॅबलेट दमतो. फोटो मॅपमध्ये लावायचेच नाहीत. गॅलरीत पेपरवार फोल्डर कर आणि मॅपमध्ये किंवा आउटलाइनमध्ये फक्त पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लिही.

आता शोधलेलं का सापडत नाही ते बघू. ही गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांनाच भोवते आणि कुणी ती नीट सांगत नाही. मराठी पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर दिसायला ठीक असतो, पण आतून अनेकदा तुटलेला असतो. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं ज्या क्रमाने मांडलेली असतात, त्याच क्रमाने ती कॉपी होतात. ह्रस्व वेलांटी आपल्याला अक्षराच्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. कॉपी करताना हा क्रम उलटला, की ‘विकास’ हा शब्द आतून दुसराच होतो आणि शोध त्याच्यावरून पुढे निघून जातो. जोडाक्षरांच्या मध्ये मोकळी जागा घुसणं हाही नेहमीचाच प्रकार. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पीडीएफ असेल तर इंग्रजी अक्षरांचा निव्वळ काला चिकटतो. तो निदान लगेच ओळखू तरी येतो. दिसायला ठीक असलेला तुटका मजकूरच जास्त फसवतो.

ओळखायचं असं. मॅपमध्ये डोळ्यांना दिसणारा एक शब्द निवड, ज्यात ह्रस्व वेलांटी किंवा जोडाक्षर आहे. तो शोधच्या चौकटीत स्वतः टाइप कर. समोर दिसत असून सापडला नाही, तर ती चौकट तुटलेली आहे. अशा चौकटी दुरुस्त करत बसू नकोस. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढ, गूगल लेन्समध्ये उघड आणि तिथून मजकूर उचल. लेन्स चित्र वाचून अक्षरं नव्याने लिहितं, त्यामुळे क्रम बरोबर येतो. अधूनमधून एखादा शब्द चुकतो, तेवढा बघून घे. अभ्यासक्रमाचं पत्रक मात्र मी स्वतः टाइप करायला सांगते. ती मोजकी पानं असतात, आणि एकेक ओळ टाइप करताना कोणत्या घटकाला आपण अजून हातच लावलेला नाही ते लख्ख दिसतं.

आणखी एक. तुझं स्वतःचं लेखनही एकसारखं हवं. ‘काँग्रेस’ आणि ‘कॉंग्रेस’ हे डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतात, पण टॅबलेटसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. कीबोर्डच्या सूचनेतून कधी एक निवडला जातो, कधी दुसरा. वारंवार येणाऱ्या अशा दहा-बारा नावांचं एकच रूप ठरवून आउटलाइनच्या अगदी वर लिहून ठेव. सालही सगळीकडे एकाच अंकांत लिही, म्हणजे 1953 शोधलं की देवनागरी अंकांत लिहिलेलं सुटणार नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. तुझा नागपूर करार.

तो तीन ठिकाणी आहे, कारण तो खरोखरच तीन विषयांचा आहे. इतिहासात तो संयुक्त महाराष्ट्राच्या वाटेवरचा टप्पा म्हणून येतो. राज्यव्यवस्थेत तो कलम 371(2) च्या मागची पार्श्वभूमी म्हणून येतो. अर्थव्यवस्थेत तो प्रादेशिक असमतोल आणि अनुशेषाच्या चर्चेत येतो. झाडासारख्या कोणत्याही रचनेत, मग ती मॅप असो की आउटलाइन, एका फांदीला एकच खोड असतं. म्हणून आपण तो मुद्दा तीनदा लिहितो, प्रत्येक वेळी थोडाथोडा. तुझ्या मॅपमध्ये इतिहासाखाली तारीख असेल, राज्यव्यवस्थेखाली कलम असेल, अर्थव्यवस्थेखाली समितीचं नाव असेल. पूर्ण करार एकाही जागी नसेल. प्रश्न पूर्ण करारावर आला आणि तुला एक तृतीयांशच आठवला.

यासाठी आउटलाइनच्या ॲपमध्ये एक सोय बघायची. ती असेल तरच ते ॲप लांब अभ्यासक्रमाच्या कामाचं. एकच मुद्दा दोन-तीन जागी दिसला पाहिजे आणि एका जागी बदलला की सगळीकडे बदलला पाहिजे. Play Store मध्ये WorkFlowy असं टाकून शोध. त्यात या सोयीला मिरर म्हणतात. नव्या ओळीवर `((` टाइप केलं की जुना मुद्दा शोधून तिथे त्याचा आरसा लावता येतो. फक्त दुवा हवा असेल तर `[[` टाइप करायचं. आणि मुद्द्याच्या ठिपक्यावर बोट ठेवलं की तो एकटाच पूर्ण पडद्यावर उघडतो, बाकीचा अभ्यासक्रम नजरेआड होतो. छोट्या पडद्यावर ही शेवटची सोय फार मोलाची आहे. 700 मुद्दे असले तरी तुझ्यासमोर एका वेळी वीसच असतात.

करार कुठे ठेवायचा? मी नियम एकच पाळते: मुद्द्याचं घर एक, बाकीच्या जागी आरसे. घर तिथे, जिथे त्या मुद्द्याची सुरुवात होते. करार 28 सप्टेंबर 1953 चा, म्हणून त्याचं घर इतिहासात. राज्यव्यवस्था आणि अर्थव्यवस्थेत त्याचे आरसे. घर असं दिसेल:

```
सामान्य अध्ययन 1
  आधुनिक महाराष्ट्र
    संयुक्त महाराष्ट्र
      नागपूर करार 1953
        आधी काय घडलं
        करारात काय ठरलं
        पुढे काय झालं
        उत्तराचा सांगाडा
```

पातळ्या मोज. पेपर, घटक, उपघटक, मुद्दा आणि मुद्द्याच्या आतली कलमं, अशा पाच. टॅबलेट उभा धरला तर सहाव्या-सातव्या पातळीला ओळ इतकी आत सरकते की उजवीकडे दोन-तीन शब्दच मावतात. म्हणून तारखा, आकडे, पान क्रमांक यांना वेगळी पातळी देऊ नकोस. ओळीखाली टीप लिहायची सोय असते, तिथे ते जाऊ दे. आउटलाइन वर-खाली सरकवताना टीप एका ओळीपुरतीच दिसते, त्यामुळे सांगाडा झाकला जात नाही.

आता मॅपचं काम. रविवारी सकाळी आउटलाइन बंद कर. मॅपच्या ॲपमध्ये नवं कोरं पान उघड, मध्ये ‘नागपूर करार’ लिही आणि 15 मिनिटं आठवेल ते आठवेल तसं मांड. काहीही उघडून बघायचं नाही, पडद्याचे दोन भाग करून एकीकडे नोट्स ठेवायच्या नाहीत. वेळ संपली की मगच आउटलाइन उघडायची आणि जे सुटलं ते लाल रंगात भरायचं. दोन महिने तू मॅपमध्ये अभ्यासक्रम साठवत होतीस. आता मॅप डोक्यातलं बाहेर काढून दाखवेल. कोऱ्या पानावर जे आलं ते तुझं. लाल रंगात आलं ते अजून पुस्तकाचं आहे.

गेल्या वर्षी माझ्याकडच्या एका मुलीने हाच विषय असा काढला होता, तो मला अजून आठवतो. तिच्या पहिल्या मॅपमध्ये सगळ्या चौकटी एका रांगेत होत्या: 1948 चा दार आयोग, मग जेव्हीपी समिती, 1953 चा करार, त्याच वर्षीचा फाजल अली आयोग, 1 नोव्हेंबर 1956 चं द्वैभाषिक मुंबई राज्य, 1 मे 1960. सगळं बरोबर, एकही साल चुकलेलं नाही. पण ती मॅपच्या वेशातली यादीच होती. मी तिला एवढंच विचारलं, “1953 पासून 1956 पर्यंत बाण काढलास, त्या बाणावर काय लिहिशील?” तिला सांगता येईना. साल माहीत होतं, नातं माहीत नव्हतं.

मग आम्ही बाणांवर शब्द लिहायला बसलो. 1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. महाराष्ट्रात आलं की राजधानीपण जाणार, ही इथल्या लोकांची रास्त भीती होती. म्हणून ‘राजधानी जाणार’ या चौकटीपासून कराराकडे बाण, आणि बाणावर शब्द: ‘भीतीवर आश्वासन’. करारातून चार फांद्या निघाल्या. वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, विकासखर्चाचं न्याय्य वाटप, नोकऱ्या आणि उच्च शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा. चारही फांद्या सारख्याच दिसत होत्या. तिला म्हटलं, आता प्रत्येक फांदीचं पुढे काय झालं ते विचार. अधिवेशन आणि खंडपीठ आपल्या डोळ्यांसमोर आहेत. सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवनाजवळ हिवाळ्यात पोलिसांचा बंदोबस्त लागला की कराराचंच ते कलम चालू असतं. खर्चाच्या वाटपाची फांदी मात्र तिथे थांबली नाही. करार हा पुढाऱ्यांमधला समझोता होता, कायदा नव्हता. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 371 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची आणि निधीच्या समन्यायी वाटपाची तरतूद आली. म्हणून या बाणावर शब्द: ‘आश्वासनाला घटनेचा आधार’. हा बाण इतिहासातून उठून राज्यव्यवस्थेत जातो.

तिथून पुढचा बाण अर्थव्यवस्थेत. तरतूद 1956 ची, पण 1984 मध्ये दांडेकर समितीने जिल्हावार अनुशेष मोजून मांडला, आणि मंडळं प्रत्यक्षात 1994 मध्ये आली. 1956 ते 1994 या बाणावर तिने स्वतःहून लिहिलं, ‘तरतूद होती, अंमल नव्हता’. त्याच ओळीत पुढे 2013 चा केळकर समितीचा अहवाल आणि 30 एप्रिल 2020 ला मंडळांची मुदत संपणं हे दोन मुद्दे आपोआप येऊन बसले. सगळा मॅप मिळून 22 चौकटींचा. एका पडद्यात आरामात बसला आणि हात लांब करूनही वाचता आला.

फांद्यांना ओलांडून जाणारी अशी जोडरेष काढता येते, ही मॅपच्या ॲपची कसोटी. SimpleMind मध्ये ती काढता येते आणि तिच्यावर शब्दही लिहिता येतात. अँड्रॉइडवर त्याची एक मोफत, छाटलेली आवृत्ती मिळते. आधी तीच घे, कारण कोऱ्या पानावर 20-25 चौकटी मांडायला तेवढी पुरते. पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीत फाइल बाहेर काढण्याच्या सोयी असतात, त्यांची गरज पडली तर नंतर बघ. तुझं सध्याचं ॲप शब्दांसह जोडरेष काढू देत असेल तर ते बदलण्याचं काहीच कारण नाही.

आता तुझ्या चार ओळींबद्दल. 2025 पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, 9 पेपर आणि लेखी 1750 गुण. उत्तरपत्रिकेत परिच्छेद लिहायचे असतात, एकामागून एक. मॅपला पुढे-मागे नसतं, चौकटी चहूकडे असतात. म्हणून मॅप छान जमलेल्या मुलांचीही लिहिताना पंचाईत होते, कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. मॅप झाला की परत आउटलाइनमध्ये जा आणि ‘उत्तराचा सांगाडा’ या ओळीखाली पाचच ओळी लिही. त्या मुलीच्या अशा होत्या:

```
उत्तराचा सांगाडा
  राजधानी जाणार ही भीती, म्हणून करार (1953)
  चार आश्वासनं
  करार कायदा नव्हता; 371(2) ने आधार (1956)
  तरतूद ते अंमल: 1984 अनुशेष, 1994 मंडळं
  2020 ला मुदत संपली; आज प्रश्न कुठे आहे
```

या ओळी मॅपमधून आपोआप बाहेर काढता येतात, पण ते करू नकोस. यंत्र फांद्या घड्याळाच्या क्रमाने काढतं, युक्तिवादाच्या क्रमाने नाही. कोणता बाण आधी लिहायचा हे ठरवण्यातच उत्तराचा अर्धा अभ्यास होतो. आणि प्रश्न बदलला की क्रमही बदलतो. ‘प्रादेशिक असमतोल दूर करण्याच्या प्रयत्नांचं मूल्यमापन करा’ असं विचारलं तर चौथी ओळ वर येईल आणि पहिली एका वाक्यात संपेल. सांगाड्याच्या ओळी बोटाने वर-खाली ओढून हा सराव करता येतो. त्यासाठी पुन्हा काही लिहावं लागत नाही.

मॅपमध्ये लाल झालेल्या चौकटींचं काय? त्या आउटलाइनमधल्या मूळ ओळीपाशी जा आणि शेवटी `#k` लाव. ‘क’ म्हणजे कच्चं. इंग्रजी अक्षर मुद्दाम घेतलं, टाइप करायला सोपं आणि लेखनाचा घोळ नाही. शोधमध्ये `#k` टाकलंस की सगळ्या अभ्यासक्रमातल्या तेवढ्याच ओळी, आपापल्या घटकाच्या नावाखाली दिसतील. पुढच्या वेळी तो मुद्दा न बघता आला की खूण काढून टाक. मुलं पक्कं, अर्धं पक्कं, उजळणी एक, उजळणी दोन अशा आठ खुणा करतात आणि मग खुणाच सांभाळत बसतात. एकच पुरे.

हे सगळं तुझ्या 700 चौकटींना कसं लावायचं ते आता सांगते. सध्याच्या ॲपमध्ये फाइल बाहेर काढण्याच्या पर्यायांत OPML आहे का बघ. आउटलाइनची देवाणघेवाण करण्यासाठी हाच प्रकार बहुतेक ॲप्सना कळतो. फाइल उघडलीस तर आत असं दिसेल:

```
<outline text="नागपूर करार 1953">
  <outline text="करारात काय ठरलं"/>
</outline>
```

म्हणजे साधा मजकूर, एकात एक ठेवलेला. फाइल मजकूर दाखवणाऱ्या कोणत्याही ॲपमध्ये उघडून सगळं कॉपी कर आणि WorkFlowy मध्ये चिकटव, रचना जशीच्या तशी उतरते. OPML मध्ये फक्त खोड आणि फांद्या येतात. रंग, फोटो, चौकटींच्या जागा आणि फांद्या ओलांडणाऱ्या जोडरेषा येत नाहीत. जोडरेषा काढल्या असशील तर आधी त्यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेव. जुना मॅपही पुसू नकोस, नाव बदलून बाजूला राहू दे.

सगळं एकदम आणू नकोस. एक कारण पैशांचं: WorkFlowy च्या मोफत खात्यात दर महिन्याला नव्या ओळींवर मर्यादा असते, 700 चौकटी एका दिवसात टाकल्यास तर ती तिथेच संपेल. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणताना प्रत्येक ओळ वाचली पाहिजे. तुटलेला मजकूर तिथेच सापडतो, आणि तीन ठिकाणी विखुरलेले मुद्देही तिथेच भेटतात. एका आठवड्यात एकच पेपर आण. मुद्दा दुसऱ्यांदा भेटला की त्यातलं जास्तीचं पहिल्या घरात टाक आणि दुसऱ्या जागी आरसा लाव. तुझ्या 700 पैकी बऱ्याच चौकटी अशा मिटतील. त्या मुलीच्या मॅपमध्ये फक्त ‘पंचायत राज’ पाच जागी होतं.

अभ्यासिकेतल्या वायफायवर विसंबू नकोस. सकाळी घरून निघताना ॲप एकदा उघडून ताजं करून घे, म्हणजे नेट नसतानाही लिहिता येईल. एकाच मॅपवर फोन आणि टॅबलेट दोन्हींवरून नेट नसताना काम करू नकोस. नंतर दोन प्रती होतात आणि कुठली नवी ते कळत नाही. मॅप टॅबलेटवर, फोनवर फक्त आउटलाइन वाचायची, असं वाटून टाक. महिन्यातून एकदा ब्राउझरमधून आउटलाइनची OPML फाइल काढून स्वतःलाच मेल कर. उद्या ॲप बदललं, खातं अडकलं किंवा उन्हात स्कूटीच्या डिक्कीत विसरलेला टॅबलेट बिघडला, तरी ही फाइल दुसऱ्या कोणत्याही आउटलाइनमध्ये उघडेल.

या आठवड्यात सुरुवात संयुक्त महाराष्ट्र या एकाच उपघटकापासून कर. तुझ्या मॅपमधली नागपूर कराराची तिन्ही ठिकाणं शोध, शोधात एखादं निसटलं तर वर सांगितलेली तुटलेल्या मजकुराची परीक्षा तिथेच घे. तिन्हींचं एक घर झालं की रविवारी कोऱ्या पानावर 15 मिनिटं बस. 371(2) चा बाण तुझा तुला आठवतो का बघ, आणि त्याच्यावर तू कोणते शब्द लिहिलेस ते मला कळव.

तुझी,
ताई